‘लक्षणीय परिणाम होतो’ हे वाक्य खोडायचं कसं?

*मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. रत्नागिरीजवळ आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळपठारावर, पावसाळ्यात डबकी साचतात, त्यांतल्या बेडूकमाशांवर मला प्रकल्प करायचा आहे. गेल्या पावसाळ्यात सहज म्हणून तीस डबक्यांत एकेकदा जाळी फिरवली होती. अगदी लहान डबकी बहुतेक रिकामी निघाली, मधल्या आकाराच्या डबक्यांत बेडूकमासे भरपूर होते आणि मोठ्या डबक्यांत पुन्हा कमी, मधल्यांच्या साधारण एक तृतीयांश. त्यावरून प्रस्ताव लिहिला. उद्दिष्ट : ‘सड्यावरील डबक्यांतील बेडूकमाशांची विविधता व त्यांच्या संख्येवर परिणाम करणाऱ्या घटकांचा अभ्यास करणे.’ गृहीतक : ‘डबक्याच्या वैशिष्ट्यांचा बेडूकमाशांच्या संख्येवर लक्षणीय परिणाम होतो.’ खाली शून्य गृहीतकही लिहिलं, ‘परिणाम होत नाही.’ गाईडनी प्रस्ताव दोनदा परत केला. पहिला शेरा : ‘हे उद्दिष्टच पुन्हा लिहिलं आहे.’ दुसरा : ‘भाकीत कुठे आहे?’ मला मुळात हे सगळं वेगवेगळं का लिहायचं तेच कळत नाही. पाणी, खोली, तापमान, पीएच सगळं मोजणारच आहे. माहिती गोळा केली की काय आहे ते दिसेलच ना? पाऊस तोंडावर आलाय. काय करू?*

*– एक विद्यार्थिनी*

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट प्रस्तावात आलेलीच नाही. डबकं जितकं मोठं तितके बेडूकमासे जास्त, असं कुणालाही वाटेल. तुला मात्र मध्येच उंचवटा असलेला आलेख मिळाला. दोन्ही टोकांना काहीतरी बिनसतंय, आणि बहुधा दोन्हीकडे वेगवेगळं. हे कोडं म्हणजेच तुझा प्रकल्प. प्रस्ताव लिहिताना तू ते बाजूला ठेवलंस आणि त्याच्या जागी ‘वैशिष्ट्ये’, ‘घटक’ असे कोणत्याही प्रकल्पाला चालणारे शब्द घातलेस.

तुझ्या गृहीतकाला एकच प्रश्न विचार : या पावसाळ्यात सड्यावर काय दिसलं, तर मी हे वाक्य खोडेन? माझ्या मते तसं काहीच नाही. ज्या डबक्यात पाणीच टिकत नाही त्यात बेडूकमासे नसणार, म्हणजे एका तरी वैशिष्ट्याचा परिणाम आधीच सिद्ध झाला. शिवाय समज, तू दहा गोष्टी मोजल्यास आणि त्यांतल्या एकीचाही बेडूकमाशांशी खरा संबंध नाही. पाच टक्क्यांची नेहमीची पट्टी लावली, तरी त्या दहांपैकी निदान एक ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता सुमारे 40 टक्के असते. तुझं वाक्य काहीही झालं तरी जिंकणारच. गाईडना खटकलं ते हेच असावं. शेरा त्रोटक असेल, पण चुकीचा नाही.

खाली लिहिलेलं शून्य गृहीतकही याला वाचवू शकत नाही. ‘काहीच परिणाम नाही’ हे संख्याशास्त्राच्या गणितासाठी लागतं. निसर्गात तसं असेल असं तुलाही वाटत नाही आणि मलाही नाही. तू खरोखर विश्वास ठेवू शकशील असं दुसरं स्पष्टीकरण प्रतिस्पर्धी म्हणून हवं.

इथे आपल्या भाषेतलीही एक अडचण आहे. शाळेच्या भूमितीत युक्लिडची ‘गृहीतके’ असतात, म्हणजे सिद्ध न करता मानून चालायच्या गोष्टी. मराठी प्रबंधांत मात्र तोच शब्द कधी मानून चालायच्या गोष्टीसाठी येतो, तर कधी तपासायच्या गोष्टीसाठी. मग विद्यार्थी नकळत सगळ्यात सुरक्षित, कुणीही मान्य करील असं वाक्य लिहितो. म्हणून मी तपासायच्या वाक्याला ‘परिकल्पना’ म्हणते आणि मानून चालायच्या गोष्टींना ‘गृहीत’. तुमच्या विभागात दुसरा शब्द रूढ असेल तर तो वापर, पण या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेव.

वेगळेपण ओळखायची एक सोपी खूण मराठी व्याकरणातच आहे. उद्दिष्टाच्या वाक्याच्या शेवटी ‘-णे’ येतं : मोजणे, नोंदवणे, तुलना करणे, शोधणे. या क्रियांचा कर्ता तू असतेस. परिकल्पनेत तू कुठेच नसतेस. तिथे कर्ता बेडूक, पाणी किंवा चतुराची अळी असते आणि वाक्यात कुठेतरी ‘कारण’ किंवा ‘त्यामुळे’ दडलेलं असतं. भाकिताचं क्रियापद भविष्यकाळी असतं आणि ते तुझ्या वहीतल्या रकान्याबद्दल बोलतं : अमुक डबक्यांत, अमुक आठवड्यात, जाळीच्या एका फेरीत इतके कमी किंवा इतके जास्त मिळतील. तुझ्या गृहीतकात कर्त्याच्या जागी ‘परिणाम’ आहे आणि तो घडवतात ‘वैशिष्ट्ये’. वैशिष्ट्यं काही करत नसतात. पाणी आटतं, अळी खाते, मादी अंडी घालते.

याचा नमुना म्हणून मला एक जुना प्रयोग आठवतो, कारण त्यातलं कोडं तुझ्या कोड्याचं भावंड शोभेल. जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर बार्नेकलवर काम केलं आणि ते 1961 मध्ये प्रसिद्ध झालं. बार्नेकल म्हणजे खडकाला चिकटून बसणारे, पांढुरक्या कवचाचे ते बारीक प्राणी. आपल्या कोकणच्या खडकांवरही असतात आणि पाय खरचटवतात. तिथे दोन जाती होत्या. थॅमॅलस भरतीरेषेजवळ वरच्या पट्ट्यात, बॅलॅनस तिच्या खाली. गंमत अशी की थॅमॅलसची पिल्लं खालच्या पट्ट्यातही येऊन बसत, पण मोठी झालेली तिथे दिसत नसत. असं का? एक स्पष्टीकरण असं की जास्त वेळ पाण्याखाली राहणं त्यांना सोसत नाही. दुसरं असं की बॅलॅनस त्यांना जागा देत नाही.

सुटीच्या दिवशी किनाऱ्यावर जाऊन दोन्ही जातींची शिरगणती केली, तर दोन्ही स्पष्टीकरणांतून एकच चित्र मिळतं : खाली थॅमॅलस नाहीत. कॉनेल यांनी खालच्या पट्ट्यात थॅमॅलस बसलेल्या दगडांवर एका भागातून बॅलॅनस काढून टाकले आणि दुसऱ्या भागात तसेच ठेवले. आता दोन्ही कल्पनांना वेगवेगळं बोलावं लागलं. पाण्याची कल्पना खरी असेल, तर दोन्ही भागांत थॅमॅलस मरतील. जागेची खरी असेल, तर साफ केलेल्या भागात ते जगतील. ते जगले. बॅलॅनस शेजाऱ्यांना झाकून टाकतात, खालून उचकटतात, दाबून चिरडतात, हेही त्यांनी एकेका प्राण्याची नोंद ठेवून पाहिलं. वरच्या टोकाला मात्र मर्यादा कोरड पडण्याची निघाली. एका टोकाला कोरड आणि दुसऱ्या टोकाला शेजारी. तुझ्या डबक्यांकडे बघून हे ओळखीचं वाटतंय ना?

आता सड्यावर येऊ. आधी मोठ्या डबक्यांचं टोक घेते, कारण खरी मजा तिथे आहे. मोठ्या डबक्यांत बेडूकमासे कमी का असावेत? मला चार उत्तरं सुचतात.

पहिलं, तिथे खाणारे जास्त असतात. पाणी जितके दिवस टिकतं तितका चतुराच्या अळ्यांना आणि पाणविंचवांना वाढायला वेळ मिळतो, आणि दोघेही बेडूकमासे खातात. दुसरं, माद्या तिथे अंडीच कमी घालतात. खाणारे असलेलं पाणी टाळत असतील किंवा दुसरं काही कारण असेल. तिसरं, बेडूकमासे तितकेच आहेत पण जास्त पाण्यात पांगलेत. चौथं, तितकेच आहेत आणि पांगलेलेही नाहीत, पण खोल पाण्यात तुझी जाळी त्यांना गाठत नाही.

तुझ्या पत्रातली आकडेवारी या चारही उत्तरांशी जुळते. म्हणूनच ‘माहिती गोळा केली की दिसेलच’ हे मला पटत नाही. एकदा जाळी फिरवून आणखी शंभर डबकी मोजलीस, तर तोच उंचवटा जास्त सुबक दिसेल, पण कारण तिथेच राहील. चौघांपैकी कोण खरं हे ठरवायला चौघांची भाकितं जिथे फुटतात ती जागा शोधावी लागते, आणि ती जागा सापडली की मोजायचं काय हे बदलतं.

मादी टाळते हे खरं असेल, तर मोठ्या डबक्यांत पहिल्या दिवसापासूनच अंडी कमी सापडतील आणि नंतरची घट मधल्या डबक्यांसारखीच असेल. खाणाऱ्यांचं उत्तर खरं असेल, तर सुरुवातीला दर चौरस मीटरला अंडी दोन्हीकडे सारखी असतील आणि मोठ्या डबक्यांत आठवड्यामागून आठवडा संख्या उतरत जाईल. ज्या डबक्यात अळ्या जास्त तिथे जास्त वेगाने. हा फरक फक्त अंडी मोजूनच कळतो, आणि तुझ्या प्रस्तावात अंड्यांचा उल्लेखही नाही. गरम पाण्यात आपल्याकडच्या बऱ्याच बेडकांची अंडी एक-दोन दिवसांत फुटतात. म्हणजे पहिल्या जोरदार पावसानंतर रोज सकाळी सड्यावर जावं लागेल. आठवड्यातून एकदा जाऊन भागणार नाही.

पांगण्याचं उत्तर तपासायला ‘संख्या’ म्हणजे काय ते ठरव. जाळीच्या एका फेरीत किती, दर चौरस मीटरला किती, की पूर्ण डबक्यात किती? एकाच डबक्यात पहिला आकडा घसरून तिसरा वाढू शकतो. डबक्याची लांबी, रुंदी आणि सरासरी खोली घेतलीस तर हिशोब दोन्ही प्रकारे करता येईल, पण भाकीत कोणत्या आकड्याबद्दल आहे ते आधी लिहून ठेव.

जाळीची शंका प्रयोगापूर्वीच मिटव. दोन-तीन मोठ्या डबक्यांत लागोपाठ पाच फेऱ्या मार, प्रत्येक फेरीतले बेडूकमासे बादलीत काढून ठेव आणि शेवटी सगळे परत सोड. आकडा फेरीगणिक झपाट्याने उतरला, तर जाळी बऱ्यापैकी पोचतेय. पाचव्या फेरीतही पहिल्याइतकेच मिळाले, तर डबक्यात तुला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त आहेत आणि गेल्या वर्षीचं कोडं निम्मं जाळीनेच घातलेलं असू शकतं. तसं निघालं तरी घाबरू नकोस; जूनमध्येच कळलेलं बरं.

राहिलं खाणाऱ्यांचं उत्तर. ते तपासायला कॉनेल यांच्यासारखं काहीतरी हलवून बघावं लागेल, कारण मोठी डबकी केवळ अळ्यांमुळे वेगळी नसतात. तिथलं पाणी थंड असतं, शेवाळं वेगळं असतं. सारख्या आकाराची बारा मोठी डबकी घे आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट कर. सहा डबक्यांतून आठवड्यातून दोनदा चतुराच्या अळ्या आणि पाणविंचू जाळीने काढ आणि अभ्यासाबाहेरच्या डबक्यात सोड. उरलेल्या सहांत तितक्याच वेळा, तितक्याच फेऱ्या जाळी फिरव, पण निघालेलं सगळं परत टाक. हे दुसरं काम वेडेपणाचं वाटेल, पण ते टाळू नकोस. नाहीतर फरक अळ्या गेल्याने पडला की जाळीने गाळ ढवळल्याने, हे सांगता येणार नाही.

यातही घसरायच्या जागा आहेत. चतुर पावसाळाभर अंडी घालत राहतात, त्यामुळे काढलेल्या डबक्यांत नव्या अळ्या येणारच. म्हणून दर वेळी किती अळ्या निघाल्या ते लिही. दोन्ही गटांत अळ्या सारख्याच राहिल्या आणि बेडूकमाशांतही फरक पडला नाही, तर परिकल्पना खोटी ठरत नाही. प्रयोगच झाला नाही इतकंच. दुसरी जागा खास सड्याची. मोठी सर आली की कातळावरून पाण्याचा पातळ थर वाहतो आणि शेजारची डबकी एकमेकांत मिसळतात. बेडूकमासे आणि अळ्या, दोघांनाही फुकटचा प्रवास घडतो. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन सड्यावर उभी राहा आणि कोणतं डबकं कुठे उतू जातं ते नकाशावर काढ. जी जोडली जातात त्यांतलं एकच घे.

आणखी एक. एका डबक्यात दोनशे बेडूकमासे मोजलेस म्हणून दोनशे नमुने होत नाहीत. अळ्या तू डबक्यातून काढतेस, म्हणून नमुना म्हणजे डबकं; तुझ्याकडे सहा विरुद्ध सहा आहेत. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये परिस्थितिकीतले प्रयोग तपासून ही चूक किती सर्रास होते ते दाखवलं होतं. परीक्षक तिथेच बोट ठेवतात.

भाकितात किती फरक पडेल हेही लिहावं, असा माझा आग्रह असतो. आमच्या घरी आजोबा पंचांगातून पावसाच्या नक्षत्रांची वाहनं वाचून दाखवत. वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असलं की पाऊस भरपूर. भरपूर म्हणजे किती आणि कुठे, हे लिहिलेलं नसल्यामुळे आजोबा कधीच चुकले नाहीत. ‘लक्षणीय’ या शब्दाचंही तेच आहे. पुरेशी डबकी मोजली तर अगदी नगण्य फरकही संख्याशास्त्राच्या अर्थाने लक्षणीय निघतो. तुझ्या बाबतीत आकडा ठरवायला आधार आहे. मोठ्या डबक्यांत मधल्यांच्या एक तृतीयांश बेडूकमासे होते. ही तूट मुख्यतः खाणाऱ्यांमुळे असेल, तर त्यांना काढल्यावर बेडूकमासे निदान दुप्पट तरी व्हायला हवेत. दहा-वीस टक्क्यांची वाढ झाली, तर खाणारे थोडंफार खातात एवढंच कळेल. कोडं सुटणार नाही. शिवाय सहा-सहा डबक्यांत इतका बारीक फरक धड दिसणारही नाही.

लहान डबक्यांचं टोक सोपं आहे. तिथे पाणी उघडीप लागताच आटतं आणि बेडूकमाशाला बेडूक व्हायला काही आठवडे लागतात. पण ‘लहान’ आणि ‘लवकर आटणारं’ हे एकच मानू नकोस. जांभ्यात काही लहान खळगे पाझराने भरलेले राहतात. ही तुझी हक्काची कसोटी आहे : आटण्यामुळेच तूट असेल, तर न आटलेल्या लहान खळग्यांत बेडूकमासे टिकतील. तेही रिकामे होत असतील, तर कारण आकारात किंवा अंड्यांत शोधावं लागेल. प्रत्येक डबक्यात खुणेची काठी रोव आणि दर दोन दिवसांनी पाणी किती हे लिही.

आता हे प्रस्तावात कसं उतरेल ते नमुन्यादाखल देते. शब्द तुझे घाल.

> प्रश्न : सड्यावरील मोठ्या पावसाळी डबक्यांत मध्यम डबक्यांपेक्षा बेडूकमासे कमी का असतात?
>
> परिकल्पना : मोठ्या डबक्यांत पाणी जास्त दिवस टिकल्यामुळे चतुराच्या अळ्या व पाणविंचू वाढतात आणि ते बेडूकमासे खाऊन त्यांची संख्या खाली ठेवतात.
>
> प्रतिस्पर्धी परिकल्पना : माद्या मोठ्या डबक्यांत अंडीच कमी घालतात.
>
> भाकीत 1 : पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या दिवसांत दर चौरस मीटरला अंड्यांचे प्रमाण मध्यम व मोठ्या डबक्यांत सारखे असेल. (प्रतिस्पर्धी परिकल्पनेनुसार ते मोठ्यांत बरेच कमी असेल.)
>
> भाकीत 2 : भक्षक काढलेल्या मोठ्या डबक्यांत तीन आठवड्यांनी दर चौरस मीटरला बेडूकमासे न काढलेल्या डबक्यांच्या किमान दुप्पट असतील. (प्रतिस्पर्धी परिकल्पनेनुसार फरक नसेल.)
>
> गृहीत : अभ्यासातली डबकी पावसात एकमेकांत मिसळत नाहीत, जाळी सर्व डबक्यांत सारख्याच प्रमाणात बेडूकमासे पकडते.
>
> उद्दिष्टे : मध्यम व मोठ्या डबक्यांतील अंडी मोजणे, बारा मोठ्या डबक्यांपैकी सहांतून भक्षक काढून दोन्ही गटांतील बेडूकमाशांची तुलना करणे, डबक्यांत आढळणाऱ्या जातींची यादी करणे.

उद्दिष्टं मी मुद्दाम शेवटी ठेवली. तुमच्या विभागाच्या साच्यात ती आधी लागत असतील तर वर ने, पण लिहिताना शेवटी लिही. भाकितं ठरली की काय मोजायचं ते आपोआप ठरतं, आणि एरवी सवयीने घातलेलं पीएच गळून पडतं. या प्रश्नात पीएचला काही काम नाही. मीटर आहे म्हणून मोजायचं असेल तर मोज, पण परिकल्पनेत त्याला बसवू नकोस.

उद्दिष्टांतली शेवटची ओळ बघ. जातींच्या यादीमागे कोणतीही परिकल्पना नाही आणि ती नसली तरी चालतं. सड्यावरच्या डबक्यांत कोण राहतं हे नीट नोंदवणं हे स्वतःच एक काम आहे. त्याच्या डोक्यावर ‘विविधता लक्षणीयरीत्या जास्त असेल’ अशी टोपी चढवायची गरज नाही. प्रत्येक उद्दिष्टाला एक परिकल्पना जोडायची, हा नियम कुठून आला कोण जाणे. मी तो कधीच पाळला नाही. गाईड विचारतील, तर हे उद्दिष्ट वर्णनाचं आहे असं सरळ सांग.

परिकल्पना पूर्णपणे आपल्याला सुचलेली असावी, असं मनात असेल तर तेही काढून टाक. तात्पुरत्या डबक्यांत आटणं आणि कायम पाण्यात खाणारे, अशी ओढाताण असते हा विचार जुना आहे. वेलबॉर्न, स्केली आणि वर्नर यांनी 1996 मध्ये त्याची मांडणी केली. जांभ्याच्या सड्यावर, मासे नसलेल्या डबक्यांत, एकाच पावसाळ्यात तो लागू पडतो का, हा प्रश्न तुझा. पार्श्वभूमीत त्यांचा आधार दे, म्हणजे परिकल्पना हवेतून आली नाही हे वाचणाऱ्याला कळेल.

एका अडचणीवर माझ्याकडे पक्का उपाय नाही. अंडी बघून बहुतेक जाती ओळखता येत नाहीत आणि सगळ्या जातींची बेरीज केली, तर एका जातीची घट दुसरीच्या वाढीत लपू शकते. तुझ्या सड्यावर मायक्रोहायला ही बेडकांची प्रजाती असेल, तर तिच्यावरच भर देता येईल. तिची अंडी पाण्यावर एकेरी पातळ थरात तरंगतात आणि बेडूकमासे पारदर्शक असून मधल्या पाण्यात लटकल्यासारखे दिसतात. नवख्यालाही ओळखता येतात. नसेल, तर सगळ्यांची बेरीज कर आणि भाकीत ‘सर्व जाती मिळून’ असं स्पष्ट लिही.

पाऊस सुरू झाल्यावर तुला नवं काहीतरी दिसेलच. समज, अळ्या काढूनही फरक पडला नाही, पण झाडांच्या सावलीतली डबकी रिकामी आहेत असं लक्षात आलं. ते लिही, आवर्जून लिही, पण ‘आमची परिकल्पना सावलीबद्दल होती’ असं मागाहून लिहू नकोस. ज्या आकड्यांतून कल्पना निघाली त्याच आकड्यांनी ती तपासता येत नाही. ती चर्चेच्या प्रकरणात पुढच्या वर्षाचा प्रश्न म्हणून जाईल. यासाठी मी विद्यार्थ्यांना भाकिताचं पान तारीख घालून गाईडना मेलने पाठवायला सांगते. तूही पाठव, दुसऱ्या शेऱ्याचं उत्तरही त्यातच जाईल.

आणि बेडूकमासे व अंडी हाताळायला परवानगी लागते का, ते वनविभागाकडे आणि सड्याची जमीन ज्यांची आहे त्यांच्याकडे आताच विचार. पहिली अंडी पहिल्या जोरदार पावसाच्या रात्रीच पडतात आणि अर्ज टेबलावर असतानाच ती फुटून गेली, तर भाकीत 1 यंदा तपासता येणार नाही. तसं झालंच, तर ते प्रस्तावातून काढून टाक आणि भाकीत 2 वर प्रकल्प उभा कर. मग प्रतिस्पर्धी परिकल्पना तितकीशी कमजोर करता येणार नाही, हे मर्यादांमध्ये लिहावं लागेल.